मदत हवी आहे: रिसेप्शनला दोन मिनिटं बोलायचंय, आईबाबांवरून सासरकडे कसं वळू?

रविवारी नाशिकला रिसेप्शन आहे, फोटोंची रांग लागायच्या आधी दोनच मिनिटं माईक मिळणारे. टायमर लावून वाचलं तर साडेतीन मिनिटं झाली, मग काका-मामांची सगळी नावं काढली आणि एकच आठवण ठेवली, दहावीला बाबा पहाटे चारला उठून मला चहा करून द्यायचे आणि आई काही न बोलता शेजारी बसून राहायची. इथे माझा गळा भरून येतो आणि पुढचं सासरचं अगदी उरकल्यासारखं होतं. सासूबाईंबद्दल मनापासूनचं एकच आहे, साखरपुड्यानंतर त्यांनी मुद्दाम फोन करून विचारलेलं, तुला भाजी किती तिखट चालते गं? चारोळ्या नकोत, उखाणा तर गृहप्रवेशाला घ्यायचाच आहे. मग आधी सासरचं बोलून आईबाबांना शेवटी ठेवलं तर सासरी खटकेल का, की क्रम तोच ठेवून मधे एखादं वाक्य घालू, आणि कोणतं?