मदत हवी आहे: फोंडा ते गाणगापूर, आठवडाभराच्या देवदर्शनात बरोबर काय न्यावे आणि वाटेत काय खावे?

सोलां_आणि_सांजा: नमस्कार. येत्या सोमवारी आम्ही सात जण गाडीने निघत आहोत. चोर्ला घाटातून बेळगाव, मग कोल्हापूर, पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर आणि परतताना नृसिंहवाडी असा बेत आहे. सासूबाईंच्या मते सर्व काही घरूनच न्यावे. यजमान म्हणतात की वाटेत हॉटेले पुष्कळ आहेत. मला दोन्ही पटत नाही. वाणसामान शनिवारी आणायचे आहे, तेव्हा टिकणाऱ्या पदार्थांची नेमकी यादी कृपया लवकर द्यावी.

कुळागर: ताई, यादी देण्यापूर्वी थोडी माहिती हवी. सात जणांत लहान मुले किंवा पथ्यपाणी असलेले कोणी आहे का? मुक्काम भक्तनिवासात की लॉजमध्ये, आणि तेथे पाणी तरी उकळता येईल का? मे महिन्यात सोलापूरकडे पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे गोव्यात दोन दिवस टिकणारी वस्तू तिकडे तितकी टिकेलच असे नाही.

भटकंती_डिचोली: एवढा विचार कशाला? तेलातुपात मुरलेला पदार्थ बिघडत नाही. आम्ही नेहमी मोठा डबाभर पुलाव नेतो आणि दुसऱ्या दिवशी ढाब्यावर परतून घेतो. खणखणीत गरम केले की सगळे जंतू मरतात.

जुना_खानावळवाला: भटकंती, दशमीच्या बाबतीत तेलाचे म्हणणे काही अंशी खरे आहे, पण भाताच्या बाबतीत ते धोक्याचे आहे. तांदळात काही जंतूंची बीजे असतात, ती शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत काही तास राहिला की ती रुजतात आणि विष तयार करतात. नंतर कितीही परतले तरी ते विष जात नाही. म्हणून शिजवलेला भात, मग तो पुलाव असो वा दहीभात, सकाळी केलेला दुपारच्या जेवणापर्यंतच. आपल्याकडे दुसरा शत्रू म्हणजे ओला नारळ. आपली निम्मी भाजी चुनावर उभी असते आणि उन्हात ती संध्याकाळपर्यंतही धड राहत नाही. सोबतच्या पदार्थांत ओल्या खोबऱ्याऐवजी भाजलेले सुके खोबरे घ्यावे, किंवा खोबरे गाळावेच.

सोलां_आणि_सांजा: मनापासून आभार. राहून गेलेली माहिती देते: सासूबाईंना मधुमेह आहे आणि त्यांच्या गोळ्या जेवणाशी बांधलेल्या आहेत. धाकटी मुलगी चार वर्षांची असून घाटात तिला उलटी होते. मुक्काम भक्तनिवासांत आहे. खोलीत स्वयंपाक करू देणार नाहीत, मात्र विजेची किटली चालेल असे कळले. आणि हो, वाडीचे दर्शन होईपर्यंत आमच्याकडे कांदा-लसूण चालत नाही.

जुना_खानावळवाला: ही शेवटची गोष्ट आधी सांगायला हवी होती, कारण सारा हिशेब त्यावर बदलतो. बाहेरच्या भाज्यांचा रस्सा कांदा-लसणाशिवाय क्वचितच असतो. कर्नाटकातल्या सांबारातही बहुधा कांदा असतो आणि सोलापूरच्या शेंगाचटणीत तर हमखास लसूण.

तेव्हा प्रवासाचे दोन भाग करा. पहिले दोन दिवस घरच्या दशम्यांवर काढा. सव्वा किलो पिठाच्या साधारण पस्तीस होतील. सहा जणांच्या दोन जेवणांना त्या पुरतात, मुलगी त्यातलीच एखादी खाईल. भाजल्यावर कापडावर पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि मग पाच-पाचच्या पुड्या बांधा. ऊन ऊन असतानाच डब्यात भरल्या तर झाकणाला घाम सुटतो, ते थेंब वरच्या दशम्यांवर पडतात आणि बुरशी तिथूनच सुरू होते. पुड्या वेगळ्या असल्या की एक उघडली तरी बाकीच्यांना हात लागत नाही. दशमी मोडताना चिकट तार सुटली किंवा आंबूस वास आला, तर ती पुडी टाकून द्यावी.

तिसऱ्या दिवसापासून कोरडा शिधा. सोलापुरात कडक भाकरी मिळते, पापडासारखी सुकवलेली असल्याने ती आठवडे टिकते. तिच्याबरोबर घरची तिळाची किंवा जवसाची लसूण नसलेली चटणी आणि लोणचे घ्या. किटली आहे तर भाजलेल्या पोह्यांवर मेतकूट, मीठ आणि गरम पाणी घातले की नाश्ता झाला.

अक्षता_म्हापसा: कुळथाचे पीठ विसरू नये. ते चांगले भाजून न्यावे आणि थर्मासात उकळत्या पाण्यात कालवून सोलां घालावीत. आमच्या घरी प्रवासात पिठीनेच पोट शांत राहते.

जुना_खानावळवाला: पिठी उत्तम, पण नुसत्या गरम पाण्यात कालवली तर कच्चट लागते. पीठ घरीच तांबूस, खमंग भाजलेले असेल तरच हे जमेल.

वारकरी_मनाचे: पंढरपूर म्हणजे उपवास आलाच! साबुदाणा आदल्या रात्री भिजवून शेंगदाण्याचे कूट वेगळे बांधून न्यावे. राजगिऱ्याचे लाडू, वऱ्याचे तांदूळ…

कुळागर: ताईंनी एकादशीचे विचारलेले नाही. भिजवलेला साबुदाणा मेच्या उन्हात गाडीत ठेवणे तर मुळीच नको. उलट सासूबाईंचा प्रश्न राहून गेला आहे. दर्शनाच्या रांगेला किती वेळ लागेल याचा नेम नाही आणि अन्नछत्राच्या पंगतीला ठरावीक वेळा असतात. महाप्रसादाच्या भरवशावर गोळी घेऊन रांगेत उभे राहू नये. त्यांच्या पिशवीत फुटाणे, एक दशमीची पुडी आणि साखरेची पुडी असावी. घाम सुटून हात थरथरले तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि थोड्या वेळाने खायला घालावे. गोळ्यांची वेळ मात्र निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

सोलां_आणि_सांजा: हे लक्षात आले नव्हते. मग बाहेर काय खावे?

जुना_खानावळवाला: जे तुमच्यासमोर विस्तवावरून थेट ताटात येते ते. वाफाळती इडली घ्या, पण तिच्याबरोबरची खोबऱ्याची चटणी सकाळपासून उघडी असू शकते, ती सोडा. थाळीच्या हॉटेलात बसण्याआधीच ‘जैन भाजी करून द्याल का’ असे विचारा. करून देणार असतील तर भाजी ताजी होईल, हा त्यातला दुसरा फायदा. नाहीतर गरम पोळी, साधे वरण असल्यास ते, आणि आपली चटणी. कापलेली फळे, बर्फ घातलेले ताक आणि उसाचा रस टाळा. केळी सोलून खाण्याची असल्याने बरी. घाटाआधी मुलीला तेलकट पुरी देऊ नका, कोरडी खारी किंवा भाजके पोहे द्या.

भटकंती_डिचोली: एवढे घाबरून प्रवास करायचा तर घरीच बसावे. आम्ही उसाचा रस पीतच गाणगापूरला जाऊन आलो, कोणाला काही झाले नाही.

अक्षता_म्हापसा: झाले नाही हे नशीब म्हणा. ताई, जुलाब लागलेच तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट. मुलीसाठी औषधाच्या दुकानातली पाकिटे सोबतच ठेवा. आता एक शंका खानावळवाल्या काकांना: दशम्या दुधात भिजवायच्या की तेलाचे मोहन घालून पाण्यात? आमच्या आजी दुधाशिवाय दशमीच नाही म्हणत.

जुना_खानावळवाला: हिवाळ्यात दुधाच्या दशम्या मऊ राहतात आणि टिकतातही. मे महिन्यात मी स्वतः तेल जास्त आणि पाणी कमी घालतो, चवीला त्या थोड्या कडक होतात.

कुळागर: मी सहमत नाही. आमच्या घरी मे महिन्यातही दुधाच्याच करतात, दूध उकळून पूर्ण गार करून. दोन दिवस व्यवस्थित टिकतात.

सोलां_आणि_सांजा: सासूबाई दुधाच्याच म्हणतात. मी वीस दुधाच्या आणि पंधरा तेलाच्या करून वेगवेगळ्या खुणेने बांधणार आहे. दुधाच्या आधी संपवू. जवस शनिवारच्या यादीत घातले. फोंड्यात चांगले मेतकूट तयार मिळते का, की घरीच करावे लागेल?