तफावत, विसंगती की नुसता फरक? पाच जबाबांचा एक घटनाक्रम लिहिताना

मच्छेहून
आमच्या फाउंड्रीत दुसऱ्या पाळीत होइस्टवरचा मोल्डिंग बॉक्स सुटला आणि एका कामगाराच्या पायाला मार लागला. तो आता बरा आहे. पाच जणांचं म्हणणं मोबाईलवर रेकॉर्ड केलंय, तिघं मराठीत बोललेत, दोघं कन्नडमध्ये. साहेबांना दोन पानांत एकच घटनाक्रम हवा आहे आणि कुणाचं कुठे जुळत नाही ते शेजारच्या रकान्यात. त्या रकान्याच्या डोक्यावर काय लिहू? 'विसंगती' लिहिलं की कुणीतरी खोटं बोलतंय असं वाटतं. आणि या पाच जणांच्या बोलण्याला 'जबाब' म्हणू की 'निवेदन'?

चिकोडीचे मास्तर
निवेदन मराठीतून द्यायचा तुम्हाला हक्क आहे. कन्नडमधूनच आणा म्हणून कुणी परत पाठवलं तर पोच मागा. जिल्हाधिकारी कचेरीत आम्ही दरवेळी तसंच करतो.

मच्छेहून
मास्तर, ते निवेदन नव्हे हो. कारखान्यातल्या अपघाताबद्दल कामगारांनी जे सांगितलं, ते.

खानापूरचा वकील
मास्तरांच्या उत्तरानेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा निकाल लागला. आपल्या सीमाभागात 'निवेदन' म्हणजे शिष्टमंडळाने साहेबांच्या हातात दिलेला कागद, दुसरा अर्थ कुणाच्या मनात येत नाही. 'जबाब' नेमका आहे, पण त्याला पोलीस ठाण्याचा वास आहे. कामगाराशी बोलताना 'काय घडलं ते सांग' म्हणा आणि कागदावर 'जबाब' लिहा. प्रत्येकाला खूण द्या, ज१, ज२ अशी, आणि वाक्यापुढे रेकॉर्डिंगमधलं मिनिट घाला. साहेबांना शंका आली तर ते वाक्य उघडून ऐकता आलं पाहिजे.

पिरनवाडीकर
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, 'विसंगती' बरोबर आहे. तिघं जे म्हणतात ते मुख्य रकान्यात घ्या, उरलेल्या दोघांचं विसंगतीत टाका. वेळेत पाच-दहा मिनिटांचा फरक असेल तर मधली वेळ धरा. कागद सुटसुटीत होतो.

खानापूरचा वकील
कागद सुटसुटीत होईल, पण खोटा होईल. एक म्हणतो साडेसात, दुसरा म्हणतो सात चाळीस, तुम्ही लिहिणार सात पस्तीस. ती वेळ पाचातल्या एकानेही सांगितलेली नाही. दोन्ही वेळा ज्याच्या त्याच्या नावाने लिहा. आणि तिघांचं जुळतं म्हणता, ते तिघं तिथे उभे होते का, की दोघांनी तिसऱ्याकडून ऐकलं? मच्छेच्या ताई, शक्य असेल तर त्यांची मूळ वाक्यंच टाका. गोषवारा नको.

मच्छेहून
नावं सोडून टाकते. कन्नड जबाबांचा मराठी तर्जुमा ऑफिसातल्या एकाने केलाय. ज२ मधलं शेकआऊट म्हणजे साचा हलवून वाळू झाडायचं काम, त्याचा आवाज मोठा असतो.

ज१, होइस्ट चालवणारा: 'भोंगा झाला, आम्ही कामाला लागलो. बॉक्स वर घेतला तोवर लाईट गेली आणि बॉक्स सुटला. थांब म्हणून मला कुणी सांगितलं नाही.'
ज२, मोल्डर: 'साखळी कटकट वाजत होती. बॉक्स पडला, मग अंधार झाला. सुपरवायझर ओरडले का ते मला ऐकू आलं नाही, शेकआऊट चालू होतं.'
ज३, सुपरवायझर: 'साडेसातच्या सुमाराला मी थांबव म्हणून ओरडलो. त्यानं ऐकलं नाही.'
ज४, हेल्पर, तर्जुमा: 'साहेब थांबव म्हणाले.'
ज५, इलेक्ट्रिशियन, तर्जुमा: 'मी गेलो तेव्हा मेन बंद केला होता.'

पिरनवाडीकर
बघा की. सुपरवायझर ओरडले हे ज३ आणि ज४ दोघं सांगतात. एकटा ज१ नाही म्हणतो. दोनास एक.

अथणीची सून
माझं माहेर कोल्हापूरचं, सासर कन्नड बोलणारं, म्हणून विचारते. ज४ आणि ज५ चे मूळ शब्द काय होते? कानाला ऐकू आले तसे लिहा.

मच्छेहून
आत्ता परत ऐकलं. ज४ म्हणतो, 'साहेब्रु निल्सु अंदारंत.' ज५ म्हणतो, 'ना होदाग मेन बंद इत्तु.'

अथणीची सून
मग तर्जुम्यात दोन्ही वाक्यं बदलली आहेत. 'अंदार' असतं तर 'म्हणाले' बरोबर होतं. शेवटी तो 'अंत' लागलाय ना, त्याने 'म्हणाले म्हणे' असं होतं. म्हणजे त्याने स्वतः ऐकलेलं नाही, त्याला कुणीतरी सांगितलंय. घरी रोज ऐकते मी हे. 'मामा बंदारंत' म्हणजे मामा आलेत असं कळलं, मी पाहिलेलं नाही. घाईत मराठी करताना हा 'म्हणे' पहिला गळतो.
दुसरं, 'बंद इत्तु' म्हणजे 'बंद होता', एवढंच. 'केला' त्यात नाही. कुणी बंद केला असं म्हणायचं असतं तर 'बंद माडिद्रु' म्हणाला असता. तर्जुम्याने मेन बंद करणारा एक माणूस उभा केला, इलेक्ट्रिशियनने तो पाहिलेला नाही.

खानापूरचा वकील
सूनबाईंनी मुद्द्यावरच बोट ठेवलं. ज४ ला ते कुणी सांगितलं? सुपरवायझरनेच सांगितलं असेल तर ज३ आणि ज४ मिळून साक्षीदार एकच झाला. त्याला दुजोरा म्हणता येत नाही, तो प्रतिध्वनी आहे. हे रेकॉर्डिंगमधून कळणार नाही, ज४ ला परत विचारावं लागेल आणि त्या उत्तराचं रेकॉर्डिंग वेगळं ठेवावं लागेल. जुन्यात मिसळू नका.
म्हणून प्रत्येक ओळीला आणखी एक छोटा रकाना हवा, 'कसं कळलं'. त्यात चारच शब्द वापरा. पाहिलं, ऐकलं, कळलं, अंदाज. ओरडणं स्वतःच्या कानांनी ऐकलं तर 'ऐकलं', दुसऱ्याने सांगितलं तर 'कळलं'. ज४ 'कळलं' मध्ये जाईल.
ज१ आणि ज२ यांनाही एका पोत्यात भरू नका. ज१ म्हणतो 'सांगितलं नाही', हा नकार आहे. ज२ म्हणतो 'ऐकू आलं नाही' आणि कारणही देतो, शेकआऊट चालू होतं. त्याचं ज३ शी काहीच भांडण नाही, सुपरवायझर ओरडले असतील तरी त्याला ऐकू आलं नसेल. खरा विरोध ज१ आणि ज३ यांच्यात आहे, आणि तोही पूर्ण नाही. ज३ स्वतःच म्हणतो की 'त्यानं ऐकलं नाही'. म्हणजे आवाज पोचला नाही, की पोचून मानला नाही? मराठीत 'ऐकलं नाही' याचे दोन्ही अर्थ होतात. तुम्ही ठरवू नका, त्यालाच विचारा.

निपाणीची रोखपाल
मी पतसंस्थेत रोखपाल आहे. माझं मत 'तफावत' शब्दाविरुद्ध. आमच्याकडे तपासणीत 'तफावत' निघाली म्हणजे रोकड कमी भरली. एकदा बंडल मोजताना नोटा चिकटल्या, संध्याकाळी हिशेब जुळला, पण तोवर अख्ख्या शाखेत 'तिच्या काउंटरला तफावत आहे' हेच फिरलं. तुमच्या कागदावर ज१ पुढे 'तफावत' आलं तर वाचणारा त्याच्याकडेच बघेल. दोन म्हणण्यांतला फरक दोघांचा असतो, एकाच्या नावापुढे तो लिहू नये एवढंच मला वाटतं.

उद्यमबागचा फिटर
शब्दातलं मला फार कळत नाही, होइस्टचं सांगतो. इलेक्ट्रिक होइस्टचा ब्रेक स्प्रिंगने बसलेला असतो. करंट मिळाला की सुटतो, करंट गेला की आपोआप लागतो. त्यामुळे लाईट गेली म्हणून बॉक्स खाली यायला नको, उलट जिथल्या तिथे लटकायला हवा. ब्रेकचं लायनिंग झिजलं असेल किंवा हुकातून साखळी निसटली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून ज२ चं खरं धरा. आधी बॉक्स पडला, मग कुणीतरी धावत जाऊन मेन पाडला.

खानापूरचा वकील
फिटरदादा, ब्रेकचं तुम्ही सांगता ते तपासणीच्या अहवालात आलंच पाहिजे. घटनाक्रमात मात्र नको. कारण तुम्ही स्वतःच म्हणालात, ब्रेक झिजलेला असेल तर ज१ चा क्रमही घडू शकतो. लिहिणाऱ्याने यंत्राच्या ज्ञानावरून ज१ चं वाक्य मागे सारलं, तर ब्रेक तपासायचं कारणच कागदावरून जाईल.

अथणीची सून
ज१ ची 'लाईट गेली' पण तशीच ठेवा. तिथे 'वीजपुरवठा खंडित झाला' असं साहेबी मराठी घालू नका. आपण घरात फ्यूज उडाला तरी लाईट गेली म्हणतो, कुणी मेन पाडला तरी लाईट गेली म्हणतो. पुरवठा खंडित म्हटलं की दोष सरळ वीज पुरवणाऱ्या हेस्कॉमवर जातो.

उद्यमबागचा फिटर
हे पटलं. फीडर त्या वेळी बंद होता का ते हेस्कॉमकडे विचारता येतं. आजूबाजूच्या कारखान्यांतही कळेल.

मच्छेहून
वेळेचं काय करू? भोंगा आपोआप वाजतो, 7:20 ला चहाची सुट्टी संपल्याचा. गेटच्या वहीत जखमीची गाडी बाहेर गेल्याची नोंद 7:52 आहे. सीसीटीव्हीत तीच गाडी 7:58 ला गेटातून जाते.

खानापूरचा वकील
गाडी एकच आहे, म्हणजे दोन घड्याळांत सहा मिनिटांचं अंतर. भोंगा कुठल्या घड्याळावर चालतो ते बघा, तेच घड्याळ प्रमाण धरा आणि बाकीच्या वेळा त्याला लावून घ्या. मूळ आकडा कंसात ठेवा, पुसू नका. मग भोंगा आणि गाडी या दोन खुंट्या पक्क्या झाल्या. मधलं सगळं 'आधी-नंतर' असं लिहा. सुपरवायझरचं 'साडेसातच्या सुमाराला' हे तसंच, अंदाज म्हणून. त्याला 7:30 करू नका, आकडा छापला की तो मोजलेला वाटतो.

मच्छेहून
एक ओळ करून बघितली. चालेल का सांगा.

क्रम ४. भोंग्यानंतर, गाडी जाण्याआधी. नेमकी वेळ ठरत नाही.
बॉक्स सुटणे आणि अंधार होणे:
ज१: आधी 'लाईट गेली', मग बॉक्स सुटला. (पाहिलं)
ज२: आधी बॉक्स पडला, मग अंधार. (पाहिलं)
ज३: याबद्दल बोलले नाहीत.
ज४: याबद्दल बोलला नाही.
ज५: नंतर आला. आला तेव्हा मेन 'बंद होता'. कुणी बंद केला ते त्याने सांगितलेलं नाही.

खानापूरचा वकील
ज३ आणि ज४ ला हा प्रश्न विचारला होता का? विचारून बोलले नाहीत आणि विचारलंच नाही, यात फार अंतर आहे.

मच्छेहून
विचारलाच नव्हता. 'विचारलेलं नाही' असं करते. ज४ ला उद्या बोलावलंय.

पिरनवाडीकर
आता मथळा 'विसंगती' ठेवायला हरकत नाही ना? ज१ आणि ज२ दोन्ही एकदम खरं असू शकत नाही.

अथणीची सून
या एका ओळीपुरतं मान्य. पण ओरडण्याच्या ओळीत ज२ ला विसंगत कसं म्हणणार? मी 'कोण काय म्हणतो' असा मथळा देईन.

खानापूरचा वकील
मला तो सैल वाटतो, कोर्टात गेलेल्या कागदावर तर नकोच. 'जबाबांतील फरक' ठेवा आणि खरोखर न जुळणाऱ्या ओळीपुढेच 'परस्परविरोधी' लिहा.

निपाणीची रोखपाल
'परस्परविरोधी' मला चालेल. त्यात दोघंही येतात.

पिरनवाडीकर
मी अजून 'विसंगती'वरच आहे. पण दोनास एक म्हणालो होतो, ते मागे घेतो.