मदत हवी आहे: हळद पावडरच्या लाइव्हची कॅप्शन कशी लिहू?

मिरजेची_सून: नमस्कार. आमच्या शेतातल्या सेलम हळदीची पावडर पाडव्याआधी विक्रीला काढतोय. रविवारी १५ मार्चला यूट्यूबवर लाइव्ह आहे. घोषणा इन्स्टा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची आहे. मजकूर असा केलाय:

"आनंदाची बातमी! घेऊन येत आहोत शुद्ध, दर्जेदार हळद! रविवारी संध्याकाळी लाइव्ह. लिंकवर क्लिक करा, नक्की या!"

नणंद दुबईत आहे. सासूबाईंच्या भिशीतल्या बायकांनी लाइव्ह कधी उघडलेलं नाही. त्यांना कळेल असं हवंय.

कृष्णाकाठ: वहिनी, यात वेळच नाही. "संध्याकाळी" म्हणजे कुणाला पाच, कुणाला आठ. शिवाय इन्स्टावर सुरुवातीची ओळ-दोन ओळीच दिसतात, बाकी more दाबल्यावर. तिथे आनंदाच्या बातमीऐवजी वार, तारीख, वेळ आणि वस्तू टाका. "शुद्ध, दर्जेदार" सगळेच लिहितात. तुम्ही त्या दिवशी नेमकं काय दाखवणार?

तासगावचा_बेदाणा: आमच्या लाइव्हला ऐन वेळी लाइट गेली, राउटर बंद. मोबाइलचा डेटा तयार ठेवा.

मिरजेची_सून: दादा, ते करतेच. @कृष्णाकाठ, कॅमेऱ्यासमोर हळकुंड मोडून आतला रंग दाखवणार, मग तीच हळकुंडं चक्कीत घालणार.

कृष्णाकाठ: मग हेच लिहा की! हळकुंड मोडताना बघायला माणूस थांबतो.

विश्रामबागवाला: सोपं आहे, लिंक कॅप्शनमध्येच चिकटवा. दाबली की उघडते.

कृष्णाकाठ: व्हॉट्सअ‍ॅपवर उघडते. इन्स्टाच्या कॅप्शनमध्ये ती नुसती अक्षरं राहतात, दाबता येत नाहीत. तिथे लिंक प्रोफाइलच्या बायोत ठेवायची आणि कॅप्शनमध्ये तसं सांगायचं.

वहिनी, लाइव्ह यूट्यूबवर आधीच शेड्यूल करा, म्हणजे लिंक आजच मिळेल. वेळेआधी उघडणाऱ्याला तिथे Notify me दिसतं. चॅनलवर पहिलंच लाइव्ह असेल तर परवानगी मिळायला २४ तास लागू शकतात, म्हणून शनिवारवर ठेवू नका. इन्स्टासाठी असं बघा:

"रविवार, १५ मार्च, संध्याकाळी ७ वाजता (दुबईत ५:३०): आमची नवी हळद पावडर, यूट्यूबवर लाइव्ह.
समोर हळकुंड मोडून आतला रंग दाखवू, तीच हळकुंडं दळू, पहिलं पाकीट भरू. प्रश्न चॅटमध्ये विचारा.
यायचं कसं? आमच्या प्रोफाइलवर जा, वरची लिंक दाबा, Notify me दाबून ठेवा. सातला तीच लिंक पुन्हा उघडा."

व्हॉट्सअ‍ॅपवर शेवटच्या ओळींऐवजी थेट लिंक द्या आणि "खालची निळी ओळ दाबा" एवढंच लिहा.

मिरजेची_सून: भिशीतल्या काकूंना "निळी ओळ" बरोबर कळेल! भाव पण टाकू का?

विश्रामबागवाला: टाका. भाव लपवला की लोक महाग समजतात.

कृष्णाकाठ: मला नाही पटत. भाव आधी कळला तर निम्मे लोक लाइव्हला येणार नाहीत.

तासगावचा_बेदाणा: आम्ही नुसतं "अर्धा किलोचं पाकीट" लिहिलं होतं. तरी भाव विचारणारे फोन दिवसभर चालूच होते.

मिरजेची_सून: भावाचं घरी विचारते. आज रात्री लाइव्ह शेड्यूल करून दुबईला लिंक पाठवते, तिच्याकडे वेळ ५:३० दिसते का ते कळेल.