पुणे ३१ लाखांचं की ५० लाखांचं?

धागाकर्ता: २०११ च्या जनगणनेतली पुण्याची लोकसंख्या कुठे ३१ लाख दिसते, कुठे ५० लाख. पिंपरी-चिंचवडची महापालिका वेगळी असताना तिथले लोक पुण्यात का मोजायचे? मी म्हणतो, ३१ लाखच लिहावं.

बोपोडीकर: साफ चूक. मी बोपोडीत राहतो, हॅरिस पूल ओलांडला की दापोडी, म्हणजे पिंपरी-चिंचवड. मधे फक्त मुळा नदी. दोन्ही पालिकांचे आकडे जोडा, तेच खरं पुणे.

चिंचवडवासी: आमची पालिका १९८२ पासून महापालिका आहे. कर, पाणी, निवडणूक सगळं वेगळं. जोडून लिहिलं की आमचे १७ लाख लोक पुण्याच्या नावाखाली गायब होतात. याला माझा विरोधच आहे.

आकडेमोड: बोपोडीकर, जोडायला हवं हे बरोबर, पण दोनच आकडे जोडून भागत नाही. पुणे मनपा ३१.२४ लाख आणि पिंपरी-चिंचवड १७.२८ लाख, बेरीज ४८.५२. जनगणनेतला पुणे नागरी समूह मात्र ५०.५८ लाखांचा आहे. वरचे दोन लाख बहुतांशी पुणे, खडकी आणि देहूरोड या तीन कटक मंडळांचे. ती कुठल्याच महापालिकेत नाहीत. त्यामुळे कुणी ४८.५ लाख लिहिलं असेल तर समजायचं की छावण्या सुटल्या.

मिरजकर: आमच्याकडे सांगली, मिरज, कुपवाड एकच महापालिका केली. पुण्यातही विलीनीकरण करा, प्रश्न मिटेल.

आकडेमोड: इथे प्रश्न कारभाराचा नाही, मोजणीचा आहे. दोन पालिका एक केल्या तरी कटक मंडळं बाहेरच राहतील. चिंचवडवासींचा मुद्दा मात्र मला पटतो. माणशी पाणी किंवा बजेट काढताना भागायचं ते पालिकेच्याच लोकसंख्येने. मनपाचं पाणी ५० लाखांत वाटलं तर पुणेकर उगाच तहानलेला दिसेल. मेट्रो, घरांची टंचाई, हवा यांसाठी समूहाचा आकडा घ्यावा.

धागाकर्ता: मग शहर किती वाढलं हे सांगताना?

आकडेमोड: तिथे दोन्ही आकडे फसवतात. मनपात २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं आली. पुढच्या जनगणनेचा आकडा ३१.२४ शेजारी ठेवला तर सगळी वाढ माणसांची वाटेल, आणि त्यातली काही निव्वळ हद्दीची असेल. समूहाचंही तसंच. कटक मंडळं वजा केली की २०११ च्या समूहात दोन्ही महापालिकांबाहेरचे जेमतेम काही हजार उरतात, म्हणजे भोवतालची बहुतेक गावं तेव्हा त्यात नव्हतीच. आधी त्या गावांचे २०११ चे आकडे जुन्या बेरजेत घालायचे, मगच वाढीचा टक्का काढायचा.

चिंचवडवासी: हिशेब मान्य. पण समूहाचं नाव 'पुणे–पिंपरी-चिंचवड' का नको?

बोपोडीकर: कटकवाल्यांनी मग काय करायचं?