कान तुटलेला कप आणि ५०० शब्द: कलाटणी हवी की धक्का?

रानवारा

माझी कथा ८२० शब्दांची झाली आहे आणि मर्यादा ५००ची आहे. साताऱ्यातलं घर, निवृत्त बँक कर्मचारी नाना. रोज चारला दोन कप चहा करतात, आलं किसतात, आजीशी बोलत बसतात. मुलाचा पुण्याहून फोन येतो, कामाला येणारी कमल भांडी घासून जाते. शेवटच्या ओळीत कळतं की आजी तीन वर्षांपूर्वीच गेली. दोघांना वाचायला दिली. दोघेही म्हणाले, शेवट अर्ध्यातच कळला. काय कापू? आणि शेवटचा धक्का ठेवू की काढू? पूर्ण मसुदा सोबत जोडला आहे.

तात्या

धक्का ठेवाच. छोट्या कथेत वाचकाला शेवटच्या ओळीत उलटं करून टाकता आलं पाहिजे, नाहीतर तो नुसता प्रसंग होतो. तुमची अडचण शेवटाची नाही, चरबीची आहे. "थरथरत्या हातांनी हळूच", "मंद सोनेरी उन्हात", "जुन्या, काळवंडलेल्या पातेल्यात" हे सगळं काढा. विशेषणं आणि क्रियाविशेषणं गेली की कथा आपोआप ५००वर येईल आणि शेवटही लपेल, कारण वाचकाला वाटेत रेंगाळायला जागाच राहणार नाही.

पागोळी

तात्या, विशेषणं काढायला माझी हरकत नाही. तुमचा सल्ला मानून मसुद्यातली विशेषणं खरंच मोजली, ती सगळी काढली तर साधारण ६० शब्द वाचतात. काढायचे आहेत ३२०. एवढे शब्द वाक्यं विंचरून निघत नाहीत, प्रसंगच काढावा लागतो. प्रसंग काढायचा म्हणजे कथा कशाबद्दल आहे हे आधी ठरवावं लागतं.

रानवारा, तुमचा शेवट का कळतो ते आधी सांगते. कथा नानांच्या मनातून चालली आहे. आजी गेली हे नानांना पहिल्या ओळीपासून माहीत आहे, ठाऊक नाही ते फक्त वाचकाला. ज्याच्या डोक्यात आपण बसलो आहोत त्यालाच ठाऊक असलेली गोष्ट आपल्यापासून लपवायची, तर लेखकाला भाषा वाकवावी लागते आणि मराठीत ते लगेच दिसतं. तुम्ही लिहिलं आहे, "ती आलं जास्त घालते." गेलेल्या माणसाबद्दल आपण "घालायची" म्हणतो. मृत्यू लपवायचा म्हणून तुम्हाला सगळीकडे वर्तमानकाळ ओढून आणावा लागला. शिवाय आजी एकदाही उत्तर देत नाही, कप उचलत नाही, मुलगा फोनवर तिची चौकशी करत नाही. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत सराईत वाचकाला ही पोकळी जाणवते.

म्हणून माझं मत असं की मृत्यू पहिल्याच वाक्यात सांगून टाका. "आजी जाऊन तीन वर्षं झाली, तरी नाना चारला दोन कप पाणी मोजतात." बारा शब्द. तुमचा शेवटचा धक्का आता सुरुवात झाला आणि तो लपवण्यासाठी लिहिलेले सगळे शब्द गेले. कलाटणी अशी हवी की जी नानांनाही माहीत नाही.

उंबरठा

इथे मी पागोळीताईंच्या विरोधात आहे. "लपवणं म्हणजे फसवणूक" हा नियम फार सरसकट झाला. लपवणं कोणाच्या नजरेतून होतं त्यावर ते अवलंबून आहे. हीच कथा समोरच्या गॅलरीतल्या, नुकत्याच राहायला आलेल्या मुलाने सांगितली तर? त्याला रोज दोन कप दिसतात, नाना बोलताना दिसतात, आजी दिसत नाहीत. त्याला वाटतं त्या आत असतील, आजारी असतील. त्याला जेव्हा कळेल तेव्हाच आपल्याला कळेल. यात काळ वाकवावा लागत नाही, कोणी खोटं बोलत नाही आणि धक्का शेवटी राहतो. मृत्यू पहिल्या वाक्यात सांगितला की कथा हळवी होते, पुढे वाचायचं कशाला असं वाटतं.

खडूफळा

शब्दमर्यादेवरून माझा अनुभव सांगतो. एका स्पर्धेत माझी ४९६ शब्दांची कथा बाद झाली, कारण त्यांनी शीर्षक आणि लेखकाचं नावसुद्धा मोजलं आणि ५०३ झाले. तेव्हापासून मी ४८० वरच थांबतो. जोडशब्दांचंही बघा. "चहापाणी" एक शब्द, "चहा पाणी" दोन. संगणक मोकळी जागा बघून मोजतो, त्यामुळे मधली रेघ दिली तर "चहा-पाणी" सहसा एकच धरला जातो. रानवारांनी आधी हे नीट करावं, त्यातच पंधरावीस शब्द सुटतील.

पागोळी

खडूफळा, स्पर्धेपुरतं तुमचं म्हणणं उपयोगी आहे, पण रानवारांना शब्द वाचवायचे नाहीत, कथा वाचवायची आहे. मोजणीचाच विषय निघाला म्हणून एक गोष्ट. मराठीत ५०० शब्द वाटतात तेवढे थोडे नसतात. "कपाटातल्यांपैकी" हा एक शब्द आहे. प्रत्यय पोटात घेऊन आपला शब्द बरंच ओझं वाहतो. "जाऊ" म्हटलं की नवरा, त्याचा भाऊ आणि सगळं घर एका शब्दात आलं. "अहो"चं "अरे" झालं तर नात्यात काय घडलं ते सांगायला वाक्य लागत नाही.

उंबरठा, गॅलरीतल्या मुलाचं मला पटलं. तिथे लपवणं प्रामाणिक आहे. पण मग धक्का त्या मुलाचा होतो. नानांचं काहीच बदलत नाही, ते उद्याही दोनच कप करणार. दुसऱ्यांदा वाचताना हाताला नवीन काही लागत नाही. माझी कसोटी तीच आहे. शेवट माहीत असताना पुन्हा वाचली, तर आधीच्या वाक्यांचा अर्थ बदललेला दिसला पाहिजे.

आणि रानवारा, तशी कलाटणी तुमच्या मसुद्यातच पडलेली आहे. चौथ्या परिच्छेदात तुम्ही सहज लिहून गेला आहात की दुसरा कप कान तुटलेला आहे आणि आजी असताना कमललाही चहा मिळायचा. आपल्याकडे कित्येक घरांत कान तुटलेला कप कोणासाठी वेगळा ठेवलेला असतो? तो कप आजीचा नाहीच, कमलचा आहे. तीन वर्षं नाना बायकोची आठवण म्हणून कामवालीचा कप भरत आहेत, कारण बायको कशातून चहा पीत होती हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. हे नानांना माहीत नाही, कमलला माहीत आहे. आता पहिलं वाक्य पुन्हा वाचा. तेव्हा ती निष्ठा वाटली होती.

हिशेब असा. तुमचं चहाचं वर्णन २१० शब्दांचं आहे, ते ८० करा. बँकेच्या आठवणी १९०, त्या पूर्ण काढा. मुलाचा फोन १६०, एका वाक्यात २० शब्द. संध्याकाळचं वर्णन ११०, काढा. कमलचे ९० आहेत ते २०० होऊ द्या, कारण कथा आता तिथे आहे. शेवटाचे ६० आहेत ते ९० करा. ३९० झाले. उरलेल्या शंभरात श्वास घ्यायला जागा आहे.

उंबरठा

कलाटणी जबर आहे, मान्य. पण भोक आहे. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला बायकोचा कप माहीत नाही? वाचक पहिला प्रश्न हाच विचारणार आणि मग तो कलाटणी सोडून तुमच्या विश्वासार्हतेशी भांडत बसेल.

पागोळी

बरोबर पकडलंत. आणि उत्तर बँकेच्या आठवणींत आहे, ज्या मी घाईने पूर्ण काढा म्हटलं. ते माझं चुकलं. नाना सातला घरी यायचे आणि निवृत्तीनंतर दोनच महिन्यांनी आजी गेली, असं मसुद्यात आहे. म्हणजे चारच्या चहाला ते घरी फारसे नव्हतेच. ते १९० शब्द एका वाक्यात आणा, पण हे वाक्य पहिल्या परिच्छेदात हवं. शेवटाजवळ आलं तर ते सफाई दिल्यासारखं वाटेल. आधी आलं तर वाचक ते माहिती म्हणून वाचतो आणि विसरतो, हवं तेव्हा ते त्याला आठवतं.

तात्या

मला अजूनही वाटतं की साधा वाचक यात अडकेल. मृत्यूचा धक्का सगळ्यांना कळतो. कपाचं कळायला घरातल्या वेगळ्या कपाची रीत माहीत हवी. शहरातल्या विशीतल्या मुलामुलींना ती माहीत असेलच असं नाही, आणि ती समजावून सांगायला ५०० शब्दांत जागा नाही.

रानवारा

दोन दिवस बसले. ४६३ झाले. मधे एकदा ५४० वर अडकले होते, तेव्हा लक्षात आलं की कमल घरात शिरते, चप्पल काढते, पदर खोचते, मोरीकडे जाते हे सगळं मी लिहीत होते. तिला थेट मोरीत कप हातात घेतलेला दाखवलं आणि सत्तरेक शब्द गेले. तात्यांची शंका मनात होती, म्हणून कमल तो कप खिडकीच्या कोपऱ्यात, बाकीच्या कपांपासून लांब पालथा घालते असं एक वाक्य आधीच घातलं आहे. रीत समजावली नाही, फक्त दाखवली. शेवट असा झाला:

> "नाना, हा कप मी नेऊ का घरी? बाईंनी मलाच दिलेला."
> "तो तिचा आहे."
> कमल ओल्या हाताने कप धरून उभी राहिली.
> "बाई बशीतनं प्यायच्या. एकच कप करायच्या. निम्मा बशीत ओतून घ्यायच्या, कप मला द्यायच्या."
> नानांनी फडताळ उघडलं. बशा एकावर एक रचलेल्या होत्या, सगळ्या सारख्या.
> "कोणत्या?" त्यांनी विचारलं.

उंबरठा

बशीचं मसुद्यात नव्हतं. ते आलं आणि कमल नुसती बातमी देणारी राहिली नाही, तीही कोणाला तरी गमावून बसली आहे. माझी हरकत मागे घेतो. पण "कोणत्या?" काढून बघा. "सगळ्या सारख्या" इथे थांबलं तर जास्त लागतं. प्रश्नाने नाना वाचकाला हात धरून नेतात.

पागोळी

मी प्रश्न ठेवेन. नाना बायकोबद्दल पहिल्यांदाच कोणाला काही विचारत आहेत, आणि ते कमलला विचारत आहेत. बशांवर थांबलं तर ते चित्र उरतं, माणूस हलत नाही. मात्र "त्यांनी विचारलं" नको, प्रश्नचिन्ह आहे. ४६१.

तात्या

शेवट चांगला आहे. पण माझ्या मुलीला वाचायला दिली. ती म्हणाली, आजीला कपातून चहा आवडत नव्हता एवढंच ना? खिडकीतल्या कोपऱ्याचं वाक्य तिने वाचलं होतं, तिला वाटलं कप वाळायला ठेवलाय.

रानवारा

मग कोपऱ्याचं वाक्य पुन्हा बघते. ३९ शब्द हातात आहेत.