घरून काम अन् सैपाकघराच्या फेऱ्या: वेळा बांधाव्या की चालणं वाढवावं?

पऱ्हाटी_आर्वी: आर्वी तालुक्यात, गावात राहून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. साडेनऊ ते सात लॅपटॉपसमोर. 14 महिन्यांत 64 चा 70 किलो झालो. जेवण तेवढंच आहे, पण येता-जाता चिवडा, शेव, चहा चालूच असतो. वजन उतरवायचं नाही, इथेच थांबवायचं आहे. सैपाकघरात जायच्या वेळा ठरवून काही होतं का? कोणी केलं असेल तर सांगा.

निंबाचा_पार: वेळा बांधून काही होत नाही राज्या. आमच्या बुढ्याच्या काळात कोणी टाइमटेबल लावून खाल्लं नाई. वावरात जाताना शेंगा, येताना टहाळ, घरी आलं की भाकर. पोट कोणाचंच सुटलं नाई. पुण्यात असताना तू बसपर्यंत चालायचा, जिने चढायचा, दुपारी टपरीवर जायचा. ते सगळं बंद झालं. सकाळी वावरापर्यंत पायी जा, चिवडा खा न् खुशाल राह्य.

संत्राबाग: चालणं कमी झालं, हे खरंच आहे. पण आकडे समोर ठेवून बोलू. मी वरूडकडे आहारसल्ल्याचं काम करते, माझ्याकडे हल्ली घरून काम करणारी बरीच मुलं येतात. 70 किलोचा माणूस 4 किलोमीटर चालला, तर मोठं धरूनही 200 च्या आसपास कॅलरी जातात. आता चिवड्याचं बघा. तळलेला, दाणे-खोबरं घातलेला चिवडा 100 ग्रॅमला 500 च्या घरात जातो. एका मुठीत साधारण 25 ग्रॅम येतात. दिवसभरात तीन मुठी म्हणजे दोन भाकरींएवढं खाणं झालं, आणि ते उभ्या-उभ्या, ताटात न घेता. 4 किलोमीटर चालून ते भरून निघत नाही.

6 किलोचा हिशोबही करून बघा. एक किलो चरबीला ढोबळमानाने 7700 कॅलरी धरतात. 14 महिन्यांवर वाटलं तर रोजचे 110 पडतात, म्हणजे मूठभर चिवडासुद्धा नाही. वजन वाढतं तसा शरीराचा खर्चही थोडा वाढतो, म्हणून खरा आकडा याहून जास्त असणार. पण एवढ्याशा फरकाला जेवणाच्या ताटात शोधून उपयोग नाही, तो फेऱ्यांमध्येच सापडेल. आधी तीन दिवस वहीत लिहा: सैपाकघरात केव्हा गेलो, कशासाठी गेलो, हात कुठल्या डब्यात गेला. खाणं कमी करू नका, नुसतं लिहा.

रात्रपाळी: माझा प्रश्न वेगळा आहे. मी अमेरिकेच्या क्लायंटसाठी काम करतो, संध्याकाळी सहा ते रात्री तीन. घर झोपलेलं असतं आणि एक वाजता भूक खवळते. तेव्हा गार पोळी न् गूळ खातो. मलाही वेळाच लावायच्या का? मी तर ऐकलंय की दर दोन तासांनी थोडं-थोडं खाल्लं की पचन वेगात राहतं, वजन वाढत नाही. माझ्या टीममध्ये सगळे तेच करतात.

संत्राबाग: थोडं-थोडं खाल्लं म्हणून शरीर जास्त जाळत नाही. दिवसभराची बेरीज तीच राहिली तर सहा वेळा खा की तीन वेळा, फरक नगण्य. उलट सहा वेळा डबा उघडला की प्रत्येक वेळी जरा जास्तच निघतं. पण रात्री एकची भूक खरी असू शकते. सहाला जेवून सात तास झालेले असतात. त्याला फराळ समजू नका, छोटं जेवण समजा: अर्धी भाकर, घट्ट वरण किंवा दही, ताटात वाढून, स्क्रीनपासून उठून. गूळ गोड आहे म्हणून साखरेपेक्षा हलका नाही, तेवढं लक्षात ठेवा.

सासुरवाडी: हा सगळा सल्ला ज्याला सैपाकघरातून बाहेर राहता येतं त्याच्यासाठी आहे. मीही घरूनच काम करते, यवतमाळ जिल्ह्यात, एकत्र कुटुंबात. माझ्या फेऱ्या कोण मोजणार? सकाळी पोळ्या, अकराला सासऱ्यांचा चहा, दुपारी पोरांना वाढणं, चारला परत चहा. भाजीचं मीठ बघायला चमचा, पोराच्या ताटलीत उरलेलं आलुबोंड्याचं अर्धं, फेकवत नाही म्हणून शेवटचा घास. मी डबा उघडतच नाही, तरी 5 किलो वाढले. "सैपाकघरात तीनदाच जा" हे मला कोणी सांगू नका.

निंबाचा_पार: हे बरोबर बोलल्या ताई.

संत्राबाग: ताई, तुमचं म्हणणं मान्य आहे. तुमच्यासाठी फेऱ्या मोजणं निरर्थक आहे, तुम्हाला घास मोजावे लागतील. माझ्याकडच्या बायकांमध्ये एकच गोष्ट टिकलेली पाहिली: उभ्याने काही तोंडात टाकायचं नाही. मीठ बघायचं तर पाव चमचा, त्याहून जास्त नाही. पोरांचं उरलेलं एका डबीत काढायचं आणि चारच्या चहाबरोबर बसून खायचं. मग ते तुमचं चारचं खाणं झालं, वरचं नाही. फेकायचं नसेल तर मुळात पोराला कमी वाढा, हवं असेल तर तो परत मागेल.

सासुरवाडी: डबीचं जमेल. कमी वाढायचं सासूबाईंना पटायचं नाही, ते मी पुढे कधीतरी बोलेन त्यांच्याशी.

वर्धाकाठ: माझ्या बाबांना साखर आहे. हे वाचून त्यांना सांगितलं की अकराचा नाश्ता बंद, सरळ जेवण. दुसऱ्याच दिवशी साडेबाराला त्यांना घाम फुटला, हात थरथरायला लागले. असं कसं झालं?

संत्राबाग: हा धागा त्यांच्यासाठी नाही! इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर खाणं चुकलं की रक्तातली साखर खाली जाते. घाम, थरथर ही त्याचीच खूण आहे. तेव्हा लगेच साखरेचं पाणी किंवा दोन-तीन चमचे साखर द्यायची, मग थोड्या वेळाने भाकर. बेशुद्ध असतील तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या. त्यांचा नाश्ता आजच परत सुरू करा आणि गोळीच्या डोसबद्दल डॉक्टरांशी बोला.

वर्धाकाठ: सुरू केला. उद्या दवाखान्यात नेतो.

पऱ्हाटी_आर्वी: तीन दिवसांची वही झाली. एकूण 31 फेऱ्या. त्यातल्या 13 पाण्यासाठी, 9 लाइट किंवा नेट गेलं म्हणून, 5 कॉल संपल्यावर उगाच, आणि खरी भूक लागून फक्त 4. 31 पैकी 19 वेळा डब्यात हात गेला. आमचा माठ सैपाकघरात, त्याच्या शेजारच्या फळीवर चिवड्याचा डबा. मागच्या दारी जायची वाटही तिथूनच. मोडेम बंद पडला की मी उठतो आणि पाय आपोआप तिकडेच वळतात, हे लिहीपर्यंत कळलंच नव्हतं.

संत्राबाग: तुमचं बरंचसं काम या वहीतच झालं. आधी पाण्याचं बघा. कामाच्या खोलीत छोटा माठ किंवा दोन लिटरचा लोटा भरून ठेवा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर तसाही लागेल. 13 फेऱ्या तिथेच गळतील. नेट गेल्यावर उठायचं, पण ओट्यावर किंवा फाटकापर्यंत. ती जागा आधीच ठरवून ठेवा, नाहीतर पाय जुन्या वाटेनेच जातील.

मग सैपाकघराच्या तीन वेळा ठेवा: सव्वाअकरा, दुपारचं जेवण, साडेचार. सव्वाअकराला चहा आणि वाटीभर फुटाणे. 30 ग्रॅम फुटाणे म्हणजे 110 च्या आसपास कॅलरी, आणि चावायला वेळ लागतो. साडेचारला चिवडा खायचाच असेल तर एक मूठ, पण वाटीत काढून, आणि डब्याचं झाकण लावून मगच बसायचं. बाकी वेळी जावंसं वाटलं तर स्वतःला विचारा: आत्ता शिळी भाकर न् वरण समोर आलं तर खाईन का? हो असेल तर भूक खरी आहे, जा आणि खा. फक्त चिवडाच हवा असेल तर ती भूक नाही.

चहाकडेही बघा. म्हशीचं दूध, दोन चमचे साखर, मोठा कप म्हटलं तर शंभरच्या वरच जातो. दिवसाला किती होतात?

पऱ्हाटी_आर्वी: पाच. आणि दुपारचं जेवण लॅपटॉपसमोर दहा मिनिटांत होतं. पातळ वरण न् भात. वेळच मिळत नाही.

संत्राबाग: मग चारची भूक तिथूनच येते. भात थोडा कमी करून एक ज्वारीची भाकर घ्या, वरण घट्ट, सोबत दही किंवा मठ्ठा. स्क्रीन बंद करून वीस मिनिटं बसा. चहा तीनवर आणा, बंद करू नका. बंद केलेला चहा आठवडाभरात परत येतो.

निंबाचा_पार: एवढा हिशोब ठेवून माणूस जगते का? माय ताटलीत वडे घेऊन लॅपटॉपजवळ येते तेव्हा काय म्हणशील, सव्वाअकरा नाई वाजले? घरात राहतो तर घरासारखंच खावं लागते. मी अजूनही म्हणतो, पाय चालव.

पऱ्हाटी_आर्वी: काका, मायचंच सांगतो. ती दहा वाजता गरम सांबारवडी घेऊन आली. नाही म्हणालो तर तिचा चेहरा पडला, खाल्ली तर वही बिघडते. शेवटी तिला म्हटलं, "ठेव, सव्वाअकराला आपण दोघं बसून खाऊ." आता ती स्वतःच सव्वाअकराला हाक मारते, ओट्यावर बसून खातो. फुटाण्यांच्या जागी त्या दिवशी वड्या, बेरीज फारशी बिघडत नाही. संध्याकाळी वावरापर्यंत चालणंही सुरू केलंय, तुमचंही ऐकलं.

तीन आठवडे झाले. पहिला आठवडा वजन रोज बघायचो, एकदा 69.1, दुसऱ्या दिवशी 70.8, डोकं फिरायचं. मग कळलं की काटा शेणाने सारवलेल्या खोलीत ठेवला होता, जमीन उंचसखल. आता न्हाणीतल्या शहाबादी फरशीवर, रविवारी सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खायच्या आधी. तीन रविवार: 70.2, 70.3, 70.0. चिवड्याचा डबा मायनेच वरच्या फळीवर नेला, पण पाहुणे आले की खाली येतो आणि दोन-तीन दिवस तिथेच राहतो.

संत्राबाग: 200-300 ग्रॅमचं वर-खाली पाण्याचं आणि मिठाचं असतं, त्यावर काही ठरवू नका. आणखी पाच रविवार लिहा. सरळ वर चढत गेलं तरच साडेचारच्या वाटीला हात लावू.

सासुरवाडी: डबीचं दहा दिवस केलं. चार वाजेपर्यंत तिच्यात केवढं जमतं ते बघून मीच थबकले. वजन अजून केलं नाही, आमच्याकडे काटा नाही. किराणा दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर केलं तर चालेल का?

निंबाचा_पार: चालते ताई, पण दर वेळी त्याच काट्यावर करा, अन् चपला काढून.