कल्चर निगेटिव्ह, तरी ओटीपोट दुखतं

"आईची लघवीची कल्चर ३ वेळा निगेटिव्ह आली, तरी अँटिबायोटिकच चालू आहेत. पुढे काय करू?"

ताई, जंतू सापडत नसताना आणखी एक कोर्स घेण्याआधी युरॉलॉजिस्टना दाखवा. जळगावात माझ्या बहिणीचं वर्ष यातच गेलं. मूत्राशय भरलं की दुखायचं, लघवी झाली की थोडं थांबायचं. ही ब्लॅडर पेन सिंड्रोमची, म्हणजे जंतू नसताना मूत्राशय दुखत राहण्याच्या आजाराची, मोठी खूण. ६ आठवड्यांहून जास्त टिकलं तर खडा, क्षयरोग, गाठ नाही हे बघूनच निदान ठरतं. लघवीत रक्त असेल तर दुर्बिणीची तपासणी टाळू नका.

तिने आधी ३ दिवस लघवीची वेळ नि माप लिहिलं. मग चहा, टोमॅटो, तिखट बंद करून एकेक परत सुरू केलं. शेवभाजीच्या रश्श्याने कळ उठायची, कळण्याच्या भाकरीने नाही. एवढ्याने भागलं नाही, तेव्हा डॉक्टरांनी रात्री अमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम दिली.